तीव्र डिहायड्रेशनच्या बाळाची केस स्टडी: वजनापासून मूल्यमापनापर्यंत

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या बालरोग परिचर्येच्या केस स्टडीच्या फाइली तपासताना एक गोष्ट दर वर्षी दिसते. आजाराची माहिती आठ-दहा पानं भरून असते. व्याख्या, कारणं, लक्षणं, गुंतागुंत, सगळं पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. पण बाळाचं दाखल होतानाचं वजन शोधायला गेलं तर एका कोपऱ्यात ‘८ किलो’ एवढंच सापडतं, आणि त्या आकड्याचा पुढे कुठेही उपयोग केलेला नसतो. डिहायड्रेशनच्या केसमध्ये तर वजन हाच कणा आहे. किती पाणी गेलं, किती सलाईन द्यायचं, थेंब किती ठेवायचे, लघवी पुरेशी होते का, बाळ सुधारलं का, हे सगळं त्याच आकड्यातून निघतं. तो धागा धरून लिहिलं की विश्लेषण आपोआप होतं, वेगळं ‘ॲनालिसिस’ असं शीर्षक देऊन भर घालावी लागत नाही.

खालची केस शिकवण्यासाठी बेतलेली आहे. पावसाळ्यात कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात असं बाळ भेटतं. तुमच्या फाइलमध्ये खऱ्या बाळाचं नाव, गाव, नोंदणी क्रमांक लिहू नका. आद्याक्षरं पुरतात, आणि माहिती वापरण्यासाठी आईची परवानगी घेतल्याची एक ओळ सुरुवातीलाच टाका.

इतिहास: कुठे थांबून विचारायचं

दहा महिन्यांचा मुलगा. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब, काल दिवसभरात बारा-तेरा वेळा. उलट्या पाच. जुलाबात रक्त नाही. आज पहाटेपासून अंगावर दूध ओढत नाही, डोळे मिटून पडून राहतो. शेवटची लघवी काल रात्री झाली असावी, असं आई म्हणते. लंगोट सारखाच ओला असल्याने तिला नक्की सांगता येत नाही. रोटाव्हायरसचे तिन्ही डोस झालेत.

इथपर्यंत सगळेच विद्यार्थी पोहोचतात. त्यापुढे ‘घरी ओआरएस दिले’ असं लिहून मोकळे होतात, आणि सगळ्यात मोलाची माहिती तिथेच निसटते. किती पाण्यात कालवलं, ते विचारा. आमच्या केसमधल्या आजीने एक लिटरचं पाकीट फोडलं, वाटीभर पाण्यात त्यातली चमचाभर पूड घातली आणि उरलेलं पाकीट दुमडून डब्यात ठेवलं. नंतर लागेल तशी पूड काढली, पण कधी वाटी होती तर कधी पेला. म्हणजे बाळाच्या पोटात गेलेलं द्रावण पातळ होतं की घट्ट, हे कुणालाच माहीत नाही.

याने एवढा फरक का पडतो, ते आकड्यांत बघा. सध्याच्या ओआरएसमध्ये एका लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं. तेच अख्खं पाकीट २०० मिलीच्या पेल्यात कालवलं, तर द्रावण पाचपट घट्ट होतं आणि सोडियम लिटरला ३७५ मिलिमोलवर जातं. असं पाणी प्यायलेल्या बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं. मग त्याचं चित्र वेगळं दिसतं. ते सुस्त पडण्याऐवजी अतिशय किरकिरं होतं, कातडी मळलेल्या कणकेसारखी लागते आणि तिचा चिमटा घेऊन सोडला तर घडी फारशी रेंगाळत नाही. झटके येण्याची भीती असते. अशा बाळात पाण्याची तूट हळूहळू, बहुधा ४८ तासांत भरून काढतात. म्हणून सोडियमचा रिपोर्ट हा या इतिहासाशेजारी ठेवूनच वाचायचा. आपल्या बाळाचं सोडियम १३८ आलं, म्हणजे तो धोका टळला होता. तुमच्या फाइलमध्ये ही दोन वाक्यं एकापुढे एक आली, तर तपासणाऱ्याला कळतं की तुम्ही आईशी खरंच बोललात.

तपासणी: चार खुणा, आणि त्या बघायच्या कशा

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तीव्र डिहायड्रेशन ठरवायला चार खुणा आहेत: बाळ सुस्त किंवा बेशुद्ध असणं, डोळे खोल जाणं, पिता न येणं किंवा जेमतेम पिणं, आणि कातडीचा चिमटा फार हळू, म्हणजे २ सेकंदांहून जास्त वेळाने, पूर्ववत होणं. यांपैकी दोन किंवा अधिक असतील तर तीव्र. खोल गेलेली टाळू, कोरडी जीभ, अश्रू नसणं हे सगळं जरूर नोंदवा, पण वर्गीकरण या चारांवर करा. ‘टाळू खोल, म्हणून तीव्र’ असं लिहिलेलं मी खोडते.

चिमट्याची पद्धत फाइलमध्ये लिहाच, कारण तोंडी परीक्षेत हमखास करून दाखवायला सांगतात. बाळाला उताणं झोपवा. बेंबी आणि कुशीच्या मधोमध, पोटाच्या कातडीची शरीराच्या उभ्या रेषेत घडी घ्या. आडवी घडी घेतली तर अंदाज चुकतो. नुसत्या बोटांच्या टोकांनी न धरता अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातडी आणि तिच्याखालचा थर दोन्ही धरा, एक सेकंद थांबा, सोडा, आणि घडी पूर्ण बसेपर्यंत बघत राहा. डोळ्यांच्या बाबतीत आईला विचारा, ‘नेहमी असेच असतात का?’ काही बाळांचे डोळे जात्याच खोल असतात.

आपलं बाळ हाक मारल्यावर डोळे उघडतं आणि पुन्हा मिटतं. डोळे खोल, आईच्या मते नेहमीपेक्षा वेगळे. चमच्याने दिलेलं पाणी ओघळून जातं. चिमटा जवळजवळ ३ सेकंद राहतो. चारही खुणा हजर. नाडी मिनिटाला १७२, मनगटावर क्षीण पण लागते. हात कोमट आहेत, केशिका पुनर्भरण ३ सेकंद. ही शेवटची ओळ मुद्दाम लिहायची. हात थंडगार, पुनर्भरण ३ सेकंदांहून जास्त आणि नाडी क्षीण व जलद, हे तिन्ही एकत्र असतं तर तो शॉक ठरला असता आणि पहिलं सलाईन तासभर लावून न चालवता झपाट्याने द्यावं लागलं असतं. हे बाळ त्या उंबरठ्यावर आहे, अजून ओलांडलेला नाही. ग्लुकोमीटरवर साखर ७४. सुस्त बाळाची साखर न बघता सुस्तीचं सगळं खापर डिहायड्रेशनवर फोडणं धोक्याचं आहे.

श्वास मिनिटाला ५४. इथे अनेक जण फसतात. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन, म्हणून लगेच ‘न्यूमोनियाची शक्यता’ लिहून परिचर्या निदानात श्वसनाचा अडथळा घालतात. पण या बाळाला खोकला नाही, छाती आत ओढली जात नाही, स्टेथोस्कोपने आवाज स्वच्छ आहेत, आणि श्वास नुसता जलद नाही, खोलही आहे. जुलाबातून बायकार्बोनेट वाहून गेल्याने रक्तात आम्लता वाढते आणि शरीर ती श्वासावाटे भरून काढू बघतं. शिरेतून पाणी मिळालं की हा आकडा खाली यायला हवा. हे लक्षात ठेवा, पुढे याच आकड्याचा अर्थ उलटा होणार आहे.

वजन, आणि त्यातून निघणारं गणित

अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावर बारा दिवसांपूर्वीचं वजन ८.० किलो. दाखल होताना, लंगोट काढून, ७.२ किलो. घट ०.८ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या १० टक्के. खुणांनी जे सांगितलं, त्याला वजनाने दुजोरा दिला. आधीचं वजन मिळालं नाही तर टक्केवारी काढू नका, खुणांवरूनच वर्गीकरण करा आणि तसं लिहा.

दुसरी एक चूक इथेच होते. ७.२ किलो हे वजन घेऊन वयानुसार वजनाच्या तक्त्यावर ठिपका देतात. दहा महिन्यांच्या मुलासाठी उणे दोनची रेषा ७.४ किलोवर आहे, त्यामुळे बाळ लगेच कमी वजनाचं ठरतं आणि पोषणाचं एक निदान वाढतं. खरं तर आजाराआधीच्या ८.० किलोला ते त्या रेषेच्या वर होतं. पोषणाची प्रतवारी पाणी भरून निघाल्यानंतरच्या वजनावर करायची. दंडघेर १३ सेंटिमीटर आहे. तो डिहायड्रेशनने फारसा बदलत नाही, म्हणून तो आधी बघावा.

आता प्लॅन सी, म्हणजे तीव्र डिहायड्रेशनसाठी शिरेतून पाणी देण्याची ठरलेली पद्धत. एक वर्षाखालच्या बाळाला रिंगर लॅक्टेट एकूण १०० मिली दर किलोला: त्यातले ३० मिली पहिल्या तासात, उरलेले ७० मिली पुढच्या पाच तासांत. वर्षावरच्या मुलाला हेच अर्धा तास आणि अडीच तास, म्हणून वय आधी लिहा. हिशेब दाखल वजनावर:

३० × ७.२ = २१६ मिली, पहिला तास
७० × ७.२ = ५०४ मिली, पाच तासांत, म्हणजे तासाला सुमारे १०१ मिली
एकूण ७२० मिली

थेंब काढताना सेटच्या पाकिटावरचा ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका मिलीचे किती थेंब होतात तो आकडा, बघा. नुसतं ‘मायक्रो सेट’ म्हणून ६० धरला, तर पहिल्या तासाला मिनिटाला २१६ थेंब येतात. ते डोळ्यांनी मोजता येणं शक्य नाही, आणि पेडिया ड्रिपच्या शंभरेक मिलीच्या चेंबरमध्ये ते पाणी एका वेळी मावतही नाही. इन्फ्युजन पंप नसलेल्या वॉर्डात पहिला तास २० थेंबांच्या साध्या सेटवर चालवतात: २१६ × २० ÷ ६० = ७२ थेंब. सोबत बाटलीला चिकटपट्टीची उभी पट्टी लावून दर १५ मिनिटांना ५४ मिली अशा चार खुणा करतात. थेंब मोजण्यात चूक झाली तरी पाणी खुणेच्या पुढे गेलंय की मागे राहिलंय, ते लांबून दिसतं. अशा सेटवर बाळाला सोडून कुणी हलायचं नाही. दुसऱ्या टप्प्यासाठी पेडिया ड्रिप लावा, मिनिटाला १०१ सूक्ष्म थेंब, आणि चेंबरमध्ये एका वेळी तासाभराचंच पाणी भरा.

पोटॅशियम ३.१ आलं आहे, कमी आहे. तरी लघवी होईपर्यंत सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळत नाहीत, कारण मूत्रपिंड बंद असेल तर ते रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकतं. लघवी झाल्यावर किती आणि कसं द्यायचं, हे डॉक्टर लिहून देतील. तुमचं काम पहिल्या लघवीची वेळ अचूक सांगणं आणि पोट फुगतंय का, आतड्यांचे आवाज मंदावलेत का, यावर लक्ष ठेवणं.

तासांची नोंद

केस स्टडीचा गाभा हाच भाग आहे, पण बहुतेक फाइलींत इथे ‘व्हायटल्स दर तासाला पाहिले’ एवढंच असतं. खरी नोंद अशी चालते:

१०:०० ला सलाईन सुरू. नाडी १७२, श्वास ५४.

११:०० ला २१६ मिली गेले. नाडी १४८, मनगटावर चांगली लागते. ही तपासणी चुकवू नका. नाडी अजून क्षीण असती तर पहिला ३० मिलीचा टप्पा पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या तासानंतर आपोआप दुसऱ्या टप्प्यावर जायचं नसतं.

१२:२० ला पहिली लघवी. कोरडा लंगोट २२ ग्रॅम, ओला ४१ ग्रॅम, म्हणजे १९ मिली. डॉक्टरांना कळवलं. लंगोटात जुलाबही असेल तर तो आकडा लघवी म्हणून लिहू नका, ‘मिश्र’ लिहा. जमेल तिथे लघवीची पिशवी लावा.

१:०० वाजता गडबड लक्षात आली. अकरा ते एक या दोन तासांत २०२ मिली जायला हवे होते, गेले होते १५०. थेंब वारंवार मंदावत होते आणि चिमटी फिरवून वेग वाढवला जात होता. पट्टी सोडून बघितलं तर मनगटाच्या वरचा भाग फुगलेला, दुसऱ्या हातापेक्षा गार आणि ताणलेला. कॅन्युला शिरेतून निसटून पाणी मांसात उतरत होतं. मुळात थेंब मंदावणं हीच पहिली सूचना होती, सूज नंतर आली. म्हणून दर तासाला थेंबांसोबत कॅन्युलाची जागा उघडी करून बघायची आणि तसं लिहायचं. पट्टीवरून चाचपून कळत नाही.

अशी घटना फाइलमध्ये लपवू नका, हिच्यामुळेच विश्लेषणाला जागा मिळते. लिहा: सेट बंद केला, कॅन्युला काढला, हात उंच ठेवला, डॉक्टरांना कळवलं. उरलेलं पाणी ५०४ – १५० = ३५४ मिली. दीडशेपैकी थोडं मांसात गेलं, ते नेमकं किती हे मोजता येत नाही. दरम्यान बाळ जागं होऊन ओठ चाटू लागलं होतं, म्हणून १:१५ पासून चमच्याने ओआरएस सुरू केलं, दर किलोला तासाला ५ मिली, म्हणजे ३६ मिली. दीड वाजता पायात नवा कॅन्युला. उरलेलं पाणी ठरलेल्या चार वाजेपर्यंत कोंबायचं नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासून तीन तास दिले, तासाला ११८ मिली. वेग वाढवण्याचा निर्णय परिचारिकेने परस्पर घ्यायचा नसतो, पण ‘सलाईन गेलं नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘३५४ बाकी आहे, बाळ आता पिऊ लागलंय’ असं सांगितलं की तो निर्णय पटकन होतो. शीर सापडलीच नसती, तर नाकातून नळी घालून ओआरएस दर किलोला तासाला २० मिली, सहा तास, हा मार्ग आहे. तोही पर्याय म्हणून नमूद करा.

आता तो श्वासाचा आकडा. दाखल होताना ५४, अकराला ४६, तीनला ३८. आम्लता ओसरते आहे. पण समजा तीन वाजता तो ३८ वरून पुन्हा ५४ झाला असता, तर? आकडा तोच, अर्थ उलटा. पाणी जास्त होऊन फुप्फुसांवर ताण येतोय का, हे बघावं लागलं असतं: पापण्या सुजल्यात का, छातीत बारीक चरचर ऐकू येते का, यकृत वाढलंय का. तसं दिसलं तर सलाईन थांबवून लगेच कळवायचं.

परिचर्या निदान: तीनच, पण बाळाची

दहा निदानं लिहून गुण वाढत नाहीत. या बाळाला तीन पुरतात. पहिलं शरीरातील द्रवाची तूट. दुसरं विद्युतक्षारांच्या असंतुलनाचा धोका. तिसरं आई आणि आजीला ओआरएस व धोक्याच्या खुणांबद्दल माहितीची उणीव. ढुंगणाची त्वचा लाल झाली असेल तर चौथं लिहा, नसेल तर केवळ पुस्तकात आहे म्हणून लिहू नका.

पहिलं पूर्ण लिहून दाखवते. ‘जुलाब व उलट्यांमुळे शरीरातील द्रवाची तूट, पुरावा: वजनात १० टक्के घट, चिमटा ३ सेकंद, सुस्ती, बारा तासांहून जास्त वेळ लघवी नाही.’ उद्दिष्ट ‘बाळाचे हायड्रेशन सुधारेल’ असं लिहिलं तर ते मोजणार कसं? त्याऐवजी: ‘सहा तासांच्या अखेरीस बाळ जागं असेल, चिमटा लगेच बसेल, लघवी दर किलोला तासाला १ मिली किंवा अधिक असेल, वजन ७.८ किलोच्या पुढे जाईल.’ कृतींसमोर कारण लिहिताना प्रत्येक कारण याच बाळाच्या आकड्याला बांधा. ‘इनटेक-आउटपुट पाहिले, कारण द्रवसंतुलन कळते’ हे वाक्य कुठल्याही रुग्णाला चालेल, म्हणून ते इथे कामाचं नाही.

मूल्यमापन

साडेचार वाजता सलाईन संपलं. आत गेलेलं: सलाईन ७२०, ओआरएस ११०, एकूण ८३० मिली. बाहेर आलेलं: लघवी ८४, जुलाब ९०, एकूण १७४ मिली. शिल्लक ६५६. वजन ७.८ किलो, म्हणजे ६०० ग्रॅम वाढ. मधले पन्नासेक मिली श्वास आणि कातडीवाटे उडाले, ते चार्टवर येत नाहीत. दोन आकडे इतके जवळ आले म्हणजे नोंद विश्वासार्ह आहे. ते दोनशे मिलीने फटकून असते, तर कुठेतरी लंगोट न मोजता टाकला गेला असं समजावं.

लघवी साडेसहा तासांत ८४ मिली, म्हणजे दर किलोला तासाला साधारण १.८ मिली. चिमटा लगेच बसतो. बाळ जागं आहे, पण किरकिरं, चमचा दिसला की झेपावतं, आणि डोळे अजून किंचित खोल आहेत. आता प्रामाणिकपणे लिहा: उद्दिष्ट अंशतः साध्य. वजन ७.८ च्या पुढे गेलेलं नाही. आणि किरकिरेपणा, तहानेने झेपावणं, खोल डोळे या खुणा आता ‘काही प्रमाणात डिहायड्रेशन’ दाखवतात. म्हणजे प्लॅन बी: ७५ मिली दर किलोला, ७५ × ७.८ = ५८५ मिली ओआरएस, चार तासांत, मध्ये अंगावरचं दूध चालूच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी हळू सुरू. ‘गोल मेट’ असा शिक्का मारून केस बंद करणाऱ्या फाइलींत हा टप्पा कधीच नसतो.

झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. गोळी चमच्यात आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून. प्रतिजैविक दिलं नाही, कारण रक्त नाही आणि कॉलऱ्याचा संशय नाही. हेही कारणासकट लिहा.

आरोग्यशिक्षणात तक्ते चिकटवू नका. आजीच्याच हातात पाकीट आणि लिटरची पाण्याची बाटली द्या. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, आणि २४ तासांत उरलेलं फेकून द्यायचं, हे तिला करून दाखवायला सांगा आणि तिने काय केलं ते लिहा. आपल्या आजीने पहिल्यांदा अर्धंच पाकीट ओतलं, ‘उरलेलं उद्याला’ म्हणून. पुन्हा करायला लावल्यावर जमलं. लहान पाकिटं २०० मिलीची येतात, त्यांच्यावरचा आकडा वाचायची सवयही तिथेच लावा. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं चालत नाहीत, त्यांत साखर जास्त आणि सोडियम कमी असतं.

हीच आखणी कुठे चालत नाही

तीव्र कुपोषित बाळात, म्हणजे दंडघेर ११.५ सेंटिमीटरखाली किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर, वरची गणितं लावू नका. अशा बाळाची कातडी पाणी पुरेसं असूनही सैल असते, डोळे चरबी नसल्याने खोल दिसतात, आणि १०० मिली दर किलोने दिलेलं सलाईन त्याच्या हृदयाला झेपत नाही. तिथे शक्यतो तोंडाने किंवा नळीने सावकाश पाणी देतात आणि शिरेतून फक्त शॉकमध्ये. तुम्हाला असं बाळ मिळालं असेल तर केस स्टडीचा सांगाडाच वेगळा होतो. मार्गदर्शकांना आधी दाखवा.

तोंडी परीक्षेत दोन प्रश्न नक्की येतात. ‘पाच टक्के डेक्स्ट्रोज का नाही?’ कारण त्यात सोडियम नाही. साखर वापरली गेली की उरतं ते नुसतं पाणी. ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही आणि रक्तातलं सोडियम उतरवतं. आणि ‘रक्तदाब का लिहिला नाही?’ लिहा, बाळाच्या मापाचा कफ वापरून. पण लहान मुलांत रक्तदाब फार उशिरा कोसळतो. तो नॉर्मल आहे म्हणून बाळ बरं आहे, असं उत्तर दिलंत तर पुढचे चार प्रश्न त्यावरच येतील.